"मानसिक छळाबाबत" एवढेच लिहून भागत नाही: तक्रार अर्जातल्या शब्दाचे वजन

होस्टेल, कॉलेज आणि कार्यालयांतल्या तक्रारींचे अर्ज लिहायला आम्ही तरुणांसोबत बसतो, तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. अर्जाचा विषय बहुतेक वेळा ठरलेला असतो: "मानसिक छळ होत असलेबाबत". खाली दोन पाने मजकूर असतो. त्यात राग असतो, दुःख असते, बाबासाहेबांचे नाव असते. पण कोण, कधी, कुठे, कुणासमोर, नेमके काय म्हणाले, हे शोधावे लागते. आठ-पंधरा दिवसांनी संस्थेचे उत्तर येते: "दोन्ही बाजूंना समज देण्यात आली असून प्रकरण आपसात मिटविण्यात आले आहे." मुलगा म्हणतो, न्याय मिळाला नाही. संस्था म्हणते, कार्यवाही केली. कागदावर पाहिले तर संस्थेचे म्हणणे चुकीचे ठरवणे अवघड जाते, कारण अर्जातल्या मोघम शब्दानेच तिला मोकळी वाट करून दिलेली असते.

उलट बाजूही आहे. काही अर्जांत पहिल्याच ओळीत "अॅट्रॉसिटी अॅक्टनुसार गुन्हा दाखल करावा" असे असते, पण त्या कलमाला लागणारी एकही गोष्ट मजकुरात नसते. असे प्रकरण पुढे कोर्टात रद्द झाले की समोरचा माणूस "खोटी केस होती" असे गावभर सांगत फिरतो. घटना खरी असते, फक्त तिला दिलेले नाव तिला पेलत नाही.

म्हणून उर्मटपणा, असभ्य वागणूक, बुलिंग आणि छळ या चार गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. हा शब्दांचा कीस नाही. कोणत्या नावाने तक्रार जाते यावर ती कोणाच्या टेबलावर जाईल, काय सिद्ध करावे लागेल आणि किती दिवसांत हालचाल व्हायला हवी, हे ठरते.

चार गोष्टी, चार कसोट्या

मराठीत "छळ" हा शब्द घरातल्या टोमण्यापासून कोठडीतल्या मारहाणीपर्यंत सगळ्याला चालतो. बोलताना ते ठीक आहे, अर्जात ते चालत नाही.

उर्मटपणा म्हणजे एखाद-दुसऱ्या वेळचे तुटक, उद्धट बोलणे. परीक्षेच्या आदल्या रात्री मेसच्या रांगेत सीनियर अंगावर ओरडतो, "चल बाजूला हो, दिसत नाही का?" वाईट वाटते, पण तो त्या दिवशी चौघांवर तसाच ओरडला असतो. यात नेम धरून कुणाला लक्ष्य केलेले नसते.

असभ्य वागणूक, इंग्रजीत जिला इनसिव्हिलिटी म्हणतात, ही जरा फसवी गोष्ट आहे. लिन अँडरसन आणि ख्रिस्टीन पिअरसन या अभ्यासकांनी १९९९ मध्ये कामाच्या जागेबाबत तिची जी व्याख्या मांडली, तिचा गाभा असा: वागणे सौम्य असते, परस्पर आदराचे संकेत मोडणारे असते, आणि दुखवण्याचा हेतू होता की नाही हे स्पष्ट नसते. नमस्काराला उत्तर न देणे, ग्रुपवर सूचना टाकताना नेमके एकाचे नाव गाळणे, आपण आलो की गप्पा थांबणे. विचारले तर उत्तर तयार असते, "अरे, लक्षातच नाही आले." आपल्या मुलांच्या वाट्याला येणारी जात अनेकदा याच धूसर जागेत लपून बसते.

बुलिंगला मराठीत दादागिरी म्हणता येईल, पण मुले "मला टार्गेट करतात" असे म्हणतात, ते जास्त नेमके आहे. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी शाळांमधल्या अभ्यासातून तीन खुणा सांगितल्या: त्रास देण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता. म्हणजे तेच लोक, त्याच माणसाला, पुन्हा पुन्हा, आणि त्या माणसाला सहज उलटून बोलता येणार नाही अशा स्थितीत.

छळ या शब्दाचा कायद्यातला अर्थ यापेक्षा अरुंद आहे. तिथे वागणूक कशामुळे झाली हे पाहिले जाते: जात, लिंग, धर्म, अपंगत्व. किंवा कायद्याने ज्या कृतीचे नेमके वर्णन केले आहे, त्यात ती बसते का हे पाहिले जाते. म्हणून एकच वाक्य, एकदाच उच्चारलेले, छळ ठरू शकते. आणि तीन महिने चाललेला त्रास बुलिंग असूनही कायद्याच्या एखाद्या कलमात न बसण्याची शक्यता असते.

आपल्या देशात "बुलिंग" नावाचा स्वतंत्र कायदा नाही, हे इथेच लक्षात घ्यावे. खाजगी कंपनीतला साहेब सगळ्या टीमला सारखाच छळत असेल, तर तक्रार कंपनीच्या आचारसंहितेखाली एचआरकडे जाते. तिथे बुलिंग हा शब्द त्या कंपनीच्या धोरणात असेल तेवढाच उपयोगी. शिक्षणसंस्थेत मात्र बुलिंगला जवळचा एक भक्कम कायदेशीर शब्द आहे, रॅगिंग, आणि तो आपण फार कमी वापरतो.

एक उदाहरण, पाच घटना

अनेक अर्जांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण घेऊ. हे कुणा एकाचे नाही. पदव्युत्तर पहिल्या वर्षाला आलेला बौद्ध विद्यार्थी कॉलेजच्या होस्टेलला राहतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्याच्यासोबत पाच गोष्टी घडतात.

पहिली: मेसच्या रांगेत एक सीनियर वर सांगितल्याप्रमाणे अंगावर ओरडतो. दुसरी: विभागाच्या ग्रुपवर सेमिनारच्या यादीत त्याचे नाव दोनदा गळते. तिसरी: दोन ठरावीक सीनियर आठवड्यातून दोन-तीनदा त्याच्याकडून स्वतःचे जर्नल लिहून घेतात, मध्यरात्री पाणी आणायला पाठवतात, नकार दिला की खोलीची किल्ली लपवतात. चौथी: १४ ऑक्टोबरला रात्री मेसमध्ये, वीस-एक विद्यार्थी आणि दोन स्वयंपाकी हजर असताना, त्यांपैकी एक सीनियर त्याला जातीचे नाव घेऊन शिवी देतो आणि "तुमच्या लोकांना इथे बसवतात तरी कशाला" असे म्हणतो. पाचवी: त्यानंतर दोन दिवसांनी खोलीचे दार बंद करून तेच दोघे तीच शिवी पुन्हा देतात. तेव्हा चौथे कुणी नसते.

हा विद्यार्थी पहिला अर्ज लिहितो: "मला जातीवरून सतत मानसिक छळ सहन करावा लागत आहे. मेसमध्ये, ग्रुपवर व खोलीत मला अपमानास्पद वागणूक दिली जाते." पाचही घटना एका वाक्यात विरघळतात. चौकशी करणारा साहजिकच सर्वांत हलक्या धाग्याला हात घालतो. ग्रुपच्या अॅडमिनला विचारतो, तो म्हणतो यादी क्लार्कने केली होती. रांगेतल्या ओरडण्याबद्दल विचारतो, तर आणखी तिघे म्हणतात, तो आमच्यावरही ओरडला. झाले. "गैरसमजातून तक्रार" असा शेरा येतो आणि तिसरी, चौथी, पाचवी घटना तपासलीच जात नाही.

आता याच घटना वेगळ्या करू.

पहिली घटना उर्मटपणाची आहे. ती अर्जात घेऊच नये. ती घेतल्याने बळ वाढत नाही, समोरच्याला बचाव मिळतो.

दुसरी असभ्य वागणूक आहे. तिचे काय करायचे? तिच्यासाठी स्वतंत्र तक्रार करू नये, पण तारखेसह नोंद ठेवावी. आणि एक साधी कसोटी लावावी: हीच माणसे इतरांशीही असेच वागतात का? यादीत कोणाकोणाची नावे गळली? दोन्ही वेळा गळलेली नावे फक्त आपल्याच मुलांची असतील, तर "लक्षात नव्हते" हा खुलासा टिकत नाही, आणि ती नोंद नंतर भेदभावाच्या तक्रारीत पुरावा म्हणून उभी राहते. गळलेली नावे सर्व प्रकारची असतील, तर तो ढिसाळपणा आहे.

तिसरी घटना म्हणजे वर सांगितलेले बुलिंग, आणि कायद्याच्या भाषेत रॅगिंग. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ च्या व्याख्येत विद्यार्थ्याला मानसिक किंवा शारीरिक इजा, भीती, लाज वाटेल असे वागणे येते, तसेच तो स्वेच्छेने एरवी करणार नाही असे काम त्याला करायला सांगणेही येते. म्हणजे जर्नल लिहून घेणे आणि मध्यरात्री पाण्याला पाठवणे थेट बसते. या कायद्यात रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते, प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. त्याने टाळाटाळ केली तर तोही जबाबदार धरला जाऊ शकतो. "मानसिक छळ" या शब्दाने हे सात दिवसांचे घड्याळ सुरू होत नाही, "रॅगिंग" या शब्दाने होते.

चौथी घटना जातीय अपमानाची आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ च्या कलम ३(१)(आर) मध्ये सार्वजनिक दृष्टिपथात, अपमानित करण्याच्या उद्देशाने केलेला हेतुपुरस्सर अपमान किंवा धमकी येते. कलम ३(१)(एस) मध्ये सार्वजनिक दृष्टिपथात जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ येते. इथे मेसमधल्या साक्षीदारांना वजन आहे. केवळ आपले मित्र साक्षीदार असतील तर बचाव पक्ष त्यावर बोट ठेवतो. म्हणून मेसचे स्वयंपाकी आणि आपल्याशी फारसे संबंध नसलेले विद्यार्थी, यांची नावे अर्जात यायला हवीत. शिवीचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. "जातिवाचक बोलला" हे वाक्य म्हणजे आपला निष्कर्ष झाला. पोलिसांना आणि कोर्टाला शब्द लागतात.

पाचवी घटना तितकीच गंभीर, कदाचित जास्त भीतिदायक. पण ती बंद खोलीत, चौथे कुणी नसताना घडली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात हाच मुद्दा धरला: चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेला अपमान "सार्वजनिक दृष्टिपथात" येत नाही. त्याआधी २००८ च्या स्वर्ण सिंह प्रकरणात न्यायालयाने सांगितले होते की जागा खाजगी असली तरी बाहेरच्या लोकांना दिसत-ऐकू येत असेल, तर ती सार्वजनिक दृष्टिपथात धरता येते. म्हणून पाचव्या घटनेवर (आर) आणि (एस) उभे करू नये. ती सोडूनही देऊ नये. रॅगिंगच्या तक्रारीत ती येते, कारण यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन जात, धर्म, वर्ण, भाषा, आर्थिक स्थिती अशा कारणांवरून केलेला शारीरिक-मानसिक त्रासही रॅगिंगच्या व्याख्येत आला. शिवाय चौथ्या घटनेमागे जातच होती, हे पाचवी घटना दाखवते.

एक तक्रार की तीन?

यावर मुले विचारतात, मग नेमके नाव कोणते द्यायचे? एकच निवडायची सक्ती नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात तीन सीनियर डॉक्टरांवर अॅट्रॉसिटी, महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम आणि आत्महत्येस प्रवृत्त करणे अशी तिन्ही प्रकारची कलमे लावली गेली. एकाच वागणुकीचे वेगवेगळे पैलू वेगवेगळ्या कायद्यात येतात. नियम एवढाच की प्रत्येक नावासमोर त्याची घटना उभी असली पाहिजे.

आपल्या उदाहरणात तीन कागद होतात. पहिला संस्थाप्रमुख आणि अँटी-रॅगिंग समितीला, घटना तीन आणि पाच, विषयात "रॅगिंग" हा शब्द. त्याचबरोबर यूजीसीच्या १८००-१८०-५५२२ या हेल्पलाइनवर नोंद. दुसरा पोलिस ठाण्याला, घटना चार मुख्य, तीन आणि पाच पार्श्वभूमी म्हणून. इथे "आधी कॉलेजची चौकशी होऊ द्या, मग बघू" असे ऐकवले जाते. २०१८ मध्ये आलेल्या कलम १८-अ नुसार या कायद्याखाली एफआयआर नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशी आवश्यक नाही. तिसरा कॉलेजच्या समान संधी कक्षाला आणि भेदभावविरोधी अधिकाऱ्याला, जर दुसऱ्या घटनेत नावे गळण्याचा जातीय क्रम दिसत असेल तर. ही यंत्रणा यूजीसीच्या २०१२ च्या समता विनियमांतली आहे. जानेवारी २०२६ मध्ये आलेल्या नव्या विनियमांना सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली आणि तोवर २०१२ चेच लागू राहतील असे सांगितले.

इथे आपल्या समाजाशी थेट संबंध असलेली एक बाब. अॅट्रॉसिटीची तक्रार करताना फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे हे कागदाने दाखवावे लागते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्रीय पातळीवर अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला, पण यादीत नावे जातींची आहेत. शाळेच्या दाखल्यावर नुसते "बौद्ध" असेल आणि जातीचे प्रमाणपत्र काढलेलेच नसेल, तर बचाव पक्ष पहिला प्रश्न तिथेच विचारतो. प्रमाणपत्र नसेल तर एफआयआर थांबवू नये, पण अर्ज त्याच आठवड्यात करावा. "मला त्याची जात माहीतच नव्हती" या बचावाला मात्र कायद्यात उत्तर आहे: आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरते. ते खोटे ठरवणे आरोपीचे काम.

शब्द मोठा केला तर

चौथ्या घटनेत सीनियरने जातीचा उल्लेखच केला नसता, फक्त "मूर्खा, तुला काही येत नाही" असे सर्वांसमोर म्हटले असते, तर? फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे एवढ्यावर कलम लागत नाही. २०२४ च्या शाजन स्कारिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले: अपमान त्या व्यक्तीच्या जातीमुळे झाला असे दिसायला हवे. अशा वेळी रॅगिंगची तक्रार पूर्ण ताकदीने उभी राहते. तिच्या डोक्यावर अॅट्रॉसिटी बसवली तर वरची पडते आणि खालचीही संशयात येते. कार्यकर्त्यांनी हा मोह आवरावा, कारण कलम रद्द झाल्याची किंमत भाषण करणारा देत नाही, त्याच होस्टेलला परत जाणारा मुलगा देतो.

मुलींच्या बाबतीत चूक बहुधा उलटी होते. संकोचाने "मानसिक त्रास" लिहिले जाते आणि लैंगिक शेरा, नको असलेला स्पर्श, रात्रीचे मेसेज गाळले जातात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती लैंगिक छळाचीच चौकशी करते. नुसता "मानसिक त्रास" तिच्यापुढे येतच नाही, तो एचआरकडे वळवला जातो. तोपर्यंत घटनेपासून तीन महिन्यांची मुदत उलटते. समितीला लेखी कारण नोंदवून ती आणखी तीन महिने वाढवता येते, त्यापुढे नाही. आणि याच कायद्यात म्हटले आहे की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरवून कारवाई करता येत नाही.

आधी वागणूक, मग नाव

अर्ज लिहिताना आम्ही क्रम उलटा करायला सांगतो. आधी कोऱ्या कागदावर घटना: तारीख, वेळ, जागा, कोण हजर, तोंडचे शब्द, आपण काय केले. एका घटनेला एक परिच्छेद. या टप्प्यावर छळ, अन्याय, जातीयवाद हे शब्द वापरायचे नाहीत. मग प्रत्येक परिच्छेदापुढे चार प्रश्न: हे पुन्हा पुन्हा झाले का, समोरच्याचे माझ्यावर बळ चालते का, यामागे जात किंवा लिंग असल्याचे त्याच्या शब्दांत किंवा वागण्यात दिसते का, आणि हे कोणी पाहिले-ऐकले? उत्तरांवरून नाव आपोआप ठरते. ते नाव विषयाच्या ओळीत लिहायचे आणि शेवटी मागणीही त्याच नावाला धरून करायची. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असे लिहू नये. "सात दिवसांत चौकशी करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी" असे लिहावे.

अर्ज देताना पोच घ्यावी आणि आवक नोंदवहीत विषय काय लिहिला गेला ते डोळ्यांनी पाहावे. "रॅगिंगबाबत" हा विषय नोंदवहीत "विद्यार्थ्यांमधील वादाबाबत" होतो. तसे दिसले तर त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र द्यावे: माझ्या तक्रारीचा विषय रॅगिंग आहे, वाद नव्हे, नोंद दुरुस्त करावी. तसेच समेटाच्या कागदावर सही मागितली, तर त्यात वागणुकीला काय म्हटले आहे ते आधी वाचावे. "गैरसमज दूर झाला" या वाक्याखाली एकदा सही झाली, की पुढच्या वेळी त्याच माणसांविरुद्ध पुनरावृत्ती दाखवायला हातात काही उरत नाही.